पोस्टरवरचे पाव्हणे

सोमवारी सकाळी शाळेला निघालेल्या दीपमालानं मस्तगडच्या चौकात स्कूटी अशी कचकन थांबवली की मागचा रिक्षावाला ओरडलाच. तिला त्याचं ऐकूच आलं न्हाई. ती खांबावरच्या फ्लेक्सकडं बघून राह्यली होती, आणि तिच्या कानशिलापर्यंत आग चढत होती.

फ्लेक्स तिच्याच नाटकाचा होता. म्हणजे असायला पाहिजे होता. वरपासून खालपर्यंत शुभेच्छुकांचे फोटो, कुणी गॉगल लावलेला, कुणी कानाला फोन धरलेला, कुणी दोन्ही हात जोडलेला. चारी बाजूंनी झेंडूच्या माळा, कोपऱ्यात फुगे. मधोमध डोळा मारणारी एक अनोळखी नटी, कुठूनतरी इंटरनेटवरून उचललेली. तिच्याखाली लाल अक्षरांत 'धमाल! कल्ला! राडा! चावट पाव्हणे आणि नटखट वहिनी!' आणि एकदम तळाला, खांबाला बांधलेल्या दोरीखाली दबलेलं, नाटकाचं नाव. वेळ तर शोधावीच लागत होती.

शेजारच्या टपरीवर पान लावणाऱ्यानं मान वर करून विचारलं, "मॅडम, कोणाचा वाढदिवस हाय हो?"

"माझं डोंबल!" दीपमाला म्हणाली आणि स्कूटी वळवली. शाळेला फोन करून अर्धी सुट्टी टाकली. इतक्या वर्षांत अशी सुट्टी तिनं फक्त सासऱ्यांच्या आजारपणात घेतल्ती.

दीपमाला मूळची मंठ्याची. शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हातारीचं काम तिलाच द्यायचे, कारण ती कमरेत वाकून चालायला लागली की मुख्याध्यापकांनाही हसू आवरायचं न्हाई. लग्न होऊन जालन्यात आली, खासगी शाळेत मराठी शिकवायला लागली, आणि अठरा वर्षांपूर्वी रामप्रसाद सरांच्या नाट्यमंडळात शिरली. तेव्हापासून मंडळात मावशी, आत्या, सासू, शेजारीण सगळ्या तीच. आणि पोस्टरवरचा मजकूरही तिचाच, कारण बाकीच्यांना 'धमाल'च्या पुढं शब्दच सुचत न्हाईत.

घरी मात्र तिचं काम कोणीच बघितलेलं नव्हतं. नवऱ्याचं नाव कारभारी, बियाण्यांच्या गोदामावर सुपरवायझर. माणूस भला, दारू न्हाई, तंबाखू न्हाई. पण नाटकाचं नाव काढलं की त्याचं एकच पालुपद, "तिथं ओळखीचं कोणी भेटलं तर? म्हणतील, बायको नाचून राह्यली अन् हा टाळ्या वाजवतो." ती नाचत न्हाई, मावशीचं काम करते, हे सांगून सांगून तिच्या जिभेला फोड आले. सासूबाई, म्हणजे दुर्गाबाई, मुलाकडं बघून गप्प बसायच्या.

या वेळचं नाटक होतं 'पाव्हणे गेलेच न्हाईत'. पहिले दोन प्रयोग रिकाम्या खुर्च्यांसमोर झाल्ते. रामप्रसाद सरांनी सगळ्यांना बसवून सांगितल्तं, या रविवारी हॉल भरला न्हाई तर विनोदी नाटक बंद. मंग नुसती जनजागृतीची पथनाट्यं करायची, डासांवर अन् हेल्मेटवर. म्हणजे दीपमालाचं काम संपलं. पथनाट्यात मावशी नसते, तिथं मावशीला कोणी विचारत न्हाई.

म्हणून ती तीन संध्याकाळी पोस्टरचा मजकूर लिहीत बसली होती. एकेक ओळ तोलून लिहिली. आणि तो मजकूर कुठं गेला? झेंडूच्या माळांत!

धर्मराजच्या प्रिंटिंगच्या दुकानात ती घुसली तेव्हा तो दुसऱ्या कुणाचा तरी कंबरेपर्यंतचा फोटो कापत होता.

"धर्मराज भाऊ, मी पाठवलेलं कुठं हाय?"

"हाय की मोबाईलमध्ये," तो म्हणाला. "सरांनी नंतर फोटो पाठवले, मावतच नव्हते. म्हणले, मजकूर काढ, काहीतरी झणझणीत टाक. मागच्या आठवड्यात एका नगरसेवकाचा वाढदिवस केल्ता, तीच फ्रेम तयार होती. जल्दी काम, ताई."

"तरीच केक कापायचा तेवढा राहिला!" दीपमाला म्हणाली. धर्मराज बिचारा हसला, मंग तिचा चेहरा बघून त्यानं हसू गिळलं.

रामप्रसाद सर तालमीच्या खोलीत होते. तिला दारात बघितल्याबरोबर त्यांनी दोन्ही हात वर केले.

"ताई, ऐका. मदत करणाऱ्याचा फोटो न्हाई लावला तर पुढच्या वेळी दार तरी उघडंल का तो? अख्ख्या जालन्याची रीत हाय ही."

"आणि नटखट वहिनी? नाटकात वहिनी कुठं हाय, सर? दाखवा मला!"

"थोडा मसाला लागतो. पब्लिक..."

"कोणतं पब्लिक?" तिचा आवाज खोलीभर घुमला. "शिट्ट्या मारणारी दहा पोरं आणायची का? खुर्च्या घरच्या माणसांनी भरतात. एक बाई तयार झाली की सासू येते, नवरा येतो, लेकरं येतात, शेजारीण येते. ती बाई हा डोळा मारणारा फ्लेक्स बघून म्हणंल, लेकरं घेऊन इथं जायचं? छी! तिला कळलं पाहिजे की नाटक कशाचं हाय, सुरू कधी, संपतं कधी, लेकरू सोबत चालतं का. सोमवारी शाळा असती, सर! तुम्ही लिहिलंय 'सायंकाळी सात, अंदाजे'. अंदाजे कोण घर सोडतं?"

सरांनी खुर्ची पुढं ओढली. "शेठजींना काय सांगू? शिवनारायण शेठजींचा फोटो सगळ्यांत मोठा हाय."

"मीच सांगते," ती म्हणाली, आणि सरांना गाडीवर मागं बसवूनच घेऊन गेली.

शिवनारायण शेठजींची पिढीजात पेढी मस्तगडमधेच. फ्लेक्स गादीवरून समोरच दिसत होता, आणि शेठजी आपल्याच फोटोकडं कौतुकानं बघत बसल्ते. दीपमालानं नमस्कार केला आणि भीड न ठेवता विचारलं, "शेठजी, या रविवारी तुमच्या घरचे येणार का नाटकाला?"

"बिलकुल! का न्हाई येणार?" त्यांनी आतल्या सुनेला हाक मारली. "रुचि बेटा, रविवारी नाटकाला जायचं ना?"

रुचि बाहेर आली, हातात मुलीचं दप्तर. तिनं फ्लेक्सकडं बघितलं आणि संकोचली. "बापूजी, ते नाटकाचं हाय? मला वाटलं तुमचा सत्कार हाय कुठं. आणि... पलकला घेऊन हे बघायचं?" ती डोळा मारणाऱ्या नटीवरून नजर काढत म्हणाली.

शेठजींचा चेहरा उतरला. मंग तो लाल झाला. "रामप्रसादजी, माझा फोटो असल्या बाईच्या डोक्यावर लावला तुम्ही? आजच्या आज उतरवा! नातीसमोर मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई!"

"फोटो लावूच की, शेठजी," दीपमाला म्हणाली. "पण हॉलच्या दारात, वेगळ्या बोर्डावर, सगळ्यांचे, व्यवस्थित. आत येणारा प्रत्येक माणूस बघंल. खांबावर फक्त नाटक."

शेठजींनी मान डोलावली. रामप्रसाद सरांनी रुमालानं मान पुसली आणि एकदाचं म्हणाले, "करा ताई, तुमचंच करा. रविवारी हॉल तसाही दुपारपासून आपल्याच ताब्यात हाय. लवकर सुरू करू."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवे फ्लेक्स लागले, दुकानांत छोटी कागदी पोस्टरं चिकटली आणि तोच मजकूर मोबाईलवर घरोघर फिरला. पांढरी जमीन, काळी अक्षरं, चालत्या गाडीवरून वाचता येतील एवढी. चित्र एकच: दारात बॅगा आणि वर वाळत घातलेला पाव्हण्यांचा टॉवेल.

पाव्हणे गेलेच न्हाईत
दोन दिवसांसाठी आल्ते. आज एकविसावा दिवस.
दोन अंकी विनोदी नाटक. आजीला मान खाली घालावी लागणार न्हाई, नातवाला समजावून सांगावं लागणार न्हाई.
रविवारी संध्याकाळी बरोबर साडेपाचला सुरू. आठला तुम्ही घरी. सोमवारची शाळा बुडणार न्हाई.
मध्यंतरात गरम भजी मिळतील. रात्रीच्या स्वयंपाकाला सुट्टी द्या.
ओळखीचे लोक भेटतील. भेटू द्या. तेही हसायलाच आलेत.

त्याखाली नाट्यगृहाचं नाव, तिकिटाची दुकानं, फोन नंबर. संपलं.

रविवारी पाच वाजताच पार्किंगला जागा उरली न्हाई. आज्या, सुना, हाताला धरलेली लेकरं. रुचि आली, पलक आली, शेठजी दारातल्या बोर्डासमोर उभे राहून आपला फोटो लोकांना दाखवत होते. दीपमाला मावशीच्या लुगड्यात विंगेत उभी राहून फटीतून बघत होती. चौथ्या रांगेत तिला सासूबाई दिसल्या. आणि त्यांच्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून, कारभारी.

अठरा वर्षं! मंग पडदा उघडला, आणि ती कमरेत वाकून रंगमंचावर गेली. पहिल्याच वाक्याला हॉल उसळला. मध्यंतरापर्यंत कारभारी डोळे पुसून राह्यला होता. दुर्गाबाई तर शेजारणीला कोपरानं ढोसून सांगत होत्या, "आमची सून हाय ती. सून!"

दीपमालाचा मेकअप उतरवून होईपर्यंत थांबून तिघं साडेआठला घरी परतल्यावर सासूबाई देवाजवळ बसल्या. कारभारी स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसला, अजून हसत. मोबाईल काढून म्हणाला, "काय मस्त लिहिलंय हे पोस्टर. गोदामावर सगळ्यांना वाचून दाखवलं मी. ही शेवटची ओळ बघ, 'भेटू द्या, तेही हसायलाच आलेत.' एकदम पटलं बघ मला. म्हणलं खरंच की, त्यात लाजायचं काय? आईला म्हणलं, चल. रामप्रसाद सरांच्या डोक्याला मानलं पाहिजे."

दीपमालाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"ते मी लिहिलंय," ती म्हणाली.

"तू?"

"मी! आणि हे वाक्य मी तुम्हाला इथं, याच ओट्याशी उभी राहून, किती वेळा म्हणलंय? लोक भेटले तर भेटू द्या, तेही हसायलाच येतात. किती वेळा? पोळी वाढता वाढता म्हणलं, तुमचा डबा भरता भरता म्हणलं, एकदा रडत म्हणलं! तुम्ही ताटातून मान तरी वर केली का?"

कारभारी मोबाईलकडं बघत राहिला, मंग तिच्याकडं. त्याला खरंच नवल वाटत होतं.

"मंग असं बराबर सांगायचं न्हाई का आधी," तो म्हणाला.

दीपमालानं भांडं ओट्यावर ठेवलं. आत जाऊन तिनं उरलेलं एक पोस्टर आणलं. तो जिथं रोज जेवायला बसतो, त्याच्या थेट समोरच्या भिंतीवर, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी दाबून दाबून तिनं ते लावलं.

"घ्या," ती म्हणाली. "यापुढं जे सांगायचं ते मी इथं लिहीन. वाचत जा."