टाकीची तहान

तिला कारखान्यात सगळे टाकी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून राहिलं. शर्टांच्या कारखान्यात ती कॉलर लावायची, दिवसाला साडेतीनशे, आणि तिने लावलेली कॉलर उसवून परत आली असं अकरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. पण माणसाचं नाव कामावरून पडत नाही, चेष्टेवरून पडतं. ही बाई दिवसाला नऊ लिटर पाणी प्यायची, म्हणून टाकी.

हे सुरू झालं अडीच वर्षांपूर्वी. जिन्यावरून पाय घसरला, डोक्याला सहा टाके पडले, पंधरा दिवसांत जखम भरली. आणि मग एका दुपारी तिला तहान लागली, ती भागलीच नाही. चार बाटल्या संपल्या तरी घशाला कोरड. तीही साध्या पाण्याची नव्हे, गार पाण्याची तहान. प्यायलेलं सगळं तासाभरात बाहेर, नळाच्या पाण्याइतकं स्वच्छ. पाच पाच वेळा झोपमोड होऊ लागली. नवरा बिचारा उशाशी दोन मोठ्या बाटल्या भरून ठेवायचा आणि एक अक्षर बोलायचा नाही. सासूबाई बोलायच्या, आणि एक अक्षर बोलून थांबायच्या नाहीत.

साखर तीनदा तपासली, तिन्ही वेळा ठणठणीत. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हात झटकले. "मनाची सवय आहे. पाणी कमी करा, आपोआप लघवी कमी होईल." टाकीने दोन दिवस इमानदारीने कमी केलं. लघवी काही कमी झाली नाही, डोळ्यांपुढे मात्र अंधारी आली. त्या दिवसापासून 'सवय' हा शब्द कोणी उच्चारला की ती पेटायची.

आता कारखान्याचं ऐका. चाळीस मशिनींची लाइन आणि संडासाला जायला पत्र्याचे दोन बिल्ले, सुपरवायझरच्या टेबलाजवळच्या खिळ्याला अडकवलेले. बिल्ला असेल तर उठायचं, नसेल तर बसायचं. ही रीत ज्याने काढली त्याला स्वतःला कधी जावं लागत नसावं. बायकांनी त्यावर आपला तोडगा काढला होता: पाणीच प्यायचं नाही. सकाळी घरून निघताना एक घोट, जेवताना एक घोट. इस्त्रीच्या वाफेत आठ तास काढायचे आणि संध्याकाळी जळजळणारी, चहासारखी गडद लघवी करायची. काजं-बटणांच्या मशीनवरची आजी तर दर दोन महिन्यांनी तापाने फणफणायची. कोणी तक्रार केली नाही. टाकीला तो तोडगा परवडणारा नव्हता. ती दिवसातून चौदा वेळा उठायची आणि एक बिल्ला जवळपास तिच्याच खिशात राहायचा.

शेवटी सुपरवायझरने तिला टेबलाशी बोलावलं.

"बाई, महिनाअखेर मला मोठ्या हॉस्पिटलचं पत्र हवं. आजार असेल तर आजार लिहून आणा. नसेल तर पुढच्या महिन्यापासून घरी बसून हवं तेवढं प्या."

"आणते," टाकी म्हणाली. "आणि ते तुम्ही मोठ्याने वाचून दाखवायचं. अख्ख्या लाइनला ऐकू जाईल असं."

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वीस मिनिटं बोलू दिलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. टाकीला तेवढ्यानेच गहिवरून आलं. मग त्यांनी कागद उलटा करून त्यावर डोकं काढलं, आत एक ठिपका काढला.

"इथे, मेंदूच्या तळाशी, काही पेशी आहेत. त्यांचं काम एकच, रक्त किती दाट झालंय ते बघायचं. दाट झालं की त्यांच्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं, त्या आक्रसतात आणि दोन हाका घालतात. एक हाक तहानेची, पाणी पी म्हणून. दुसरी एका ग्रंथीला. ती ग्रंथी रक्तात हॉर्मोन सोडते, ते मूत्रपिंडाला सांगतं की पाणी टाकू नकोस, परत आत घे. मला वाटतं तुमची पहिली हाक शाबूत आहे आणि दुसरी पोचत नाही. डोक्याच्या माराने असं होतं. पण हे सिद्ध करावं लागेल. सवयीने पाणी पिणाऱ्या माणसाचीही लघवी अशीच पातळ असते."

"मग सिद्ध कसं करायचं?"

"पाणी बंद करून. सवय असेल तर पाणी बंद केल्यावर लघवी दाट होईल. आजार असेल तर नाही होणार. दर तासाला वजन, दर वेळी लघवी मोजायची, मधून मधून रक्त. तीन टक्के वजन उतरलं की थांबवायचं. घोटभरसुद्धा चोरून प्यायलात तर सगळं वाया."

"चोरून?" टाकीचा आवाज चढला. "मी आजवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पीत आले."

सकाळी सातला चाचणी सुरू झाली. वजन बावन्न किलो. आठला एक्कावन्न पॉइंट सहा. नऊला एक्कावन्न पॉइंट दोन. जीभ टाळ्याला चिकटत होती. समोरच्या खाटेवरची बाई घटाघटा पाणी प्यायली तेव्हा टाकीने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मनातल्या मनात कॉलरी मोजायला घेतल्या. साडेनऊला लघवीचं भांडं कलंडलं. सिस्टरने आधी मापाच्या खुणेवर आकडा वाचलेला होता, म्हणून बरं. पण गाऊन भिजला, तर तिने कपाटातून दुसरा काढून दिला.

दहा वाजता काटा एक्कावन्न पॉइंट चार. दोनशे ग्रॅमनी वर.

शिकाऊ डॉक्टर वजनाच्या आकड्याकडे बघत राहिला, मग टाकीकडे. "बाथरूममध्ये नळ आहे ना?"

"आहे. बंद आहे."

"वजन वाढलंय. पाण्याशिवाय वजन वाढत नाही." त्याने पेन काढलं. "चाचणी रद्द. रुग्ण लपून पाणी प्यायला, असं लिहावं लागेल."

ते वाक्य कागदावर उतरलं असतं तर संपलंच होतं. नोकरी गेली असती, आणि जन्मभर ती खोटारडी ठरली असती. टाकी खाटेवरून उठली. चक्कर येत होती, तरी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि गाऊनचा काठ चिमटीत धरून त्याच्या नाकासमोर नेला.

"हा दुहेरी कापडाचा आहे, आत अस्तर. नऊशे ग्रॅमला थोडा कमी. सकाळचा एकेरी होता, झिरझिरीत, तीनशेच्या आत. गाऊन तुम्ही बदलला आणि वजन माझ्या पोटात शोधताय?"

"हे तुम्हाला हातात धरून कळतं?"

"अकरा वर्षं कापडच धरतेय. तुम्हाला नाडी कळते ना, तसं. एकेरी गाऊन आणा. कोरडा. आणि तोवर ते पेन खिशात ठेवा."

सिस्टरने जीभ चावली. "सर, थंडीचा दिलाय मी. चूक माझी." ती धावत जाऊन एकेरी गाऊन घेऊन आली. पडद्याआड बदलून टाकी वजनकाट्यावर चढली. पन्नास पॉइंट आठ. आणखी चारशे ग्रॅम उतरलेले, भांड्यात मोजलेल्या लघवीइतकेच.

शिकाऊ डॉक्टर लाल झाला. त्याने पेन खरोखर खिशात ठेवलं. "सॉरी, ताई," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. टाकी मात्र लगेच विरघळली नाही. "लिहा आता," ती म्हणाली. "पन्नास पॉइंट आठ. ठळक लिहा."

अकराला वजन पन्नास पॉइंट चार झालं. तीन टक्के. त्याच वेळचं रक्त आणि लघवी तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई कागद हातात घेऊनच आल्या. "रक्त दाट झालंय, सोडियम एकशे अठ्ठेचाळीस. एवढं झाल्यावर मूत्रपिंडाने थेंब थेंब वाचवायला हवा होता. आणि लघवी अजून नळाच्या पाण्यासारखीच. ही सवय नाही." मग त्यांनी नसलेल्या हॉर्मोनचं इंजेक्शन दिलं आणि पाणी सुरू केलं, तेही मापाने, गेलं त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नाही.

पहिला ग्लास टाकी कशी प्यायली हे सांगण्यात अर्थ नाही. ज्याने तशी तहान सोसली नाही त्याला ते कळणार नाही.

बारा वाजले, एक वाजला. भांड्यात जेमतेम पन्नास मिली, पिवळी. टाकी त्या पिवळ्या रंगाकडे कौतुकाने बघत बसली. सिस्टर हसायला लागली, तर ही म्हणाली, "हसू नका, अडीच वर्षांनी दिसतोय हा रंग." तपासणीत लघवी जवळजवळ पाचपट दाट झालेली निघाली. मूत्रपिंडं चोख होती, त्यांना निरोप येत नव्हता एवढंच. आता मेंदूचा फोटो काढायचा होता आणि रोज गोळी घ्यायची होती.

"एक लक्षात ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी घेतल्यावर पाणी आत राहणार. आता जुन्या सवयीने बाटल्या रिचवल्यात तर रक्त पातळ होईल, झटके येतील. तहान लागली तरच प्यायचं. तुमची तहान खरं बोलते, तिचं ऐका."

चार वाजता नवरा आला. सवयीप्रमाणे दोन्ही बाटल्या भरून. टाकीच्या उशाशी ग्लास होता, अर्धा भरलेला. त्याने तो उचलून पुढे केला.

"नको," ती म्हणाली.

"का गं?"

"तहान नाही."

नवरा ग्लास धरून तसाच उभा राहिला, आणि मग त्या न बोलणाऱ्या माणसाने डोळे पुसले. टाकीही रडली. दुःखाने नव्हे, रागाने. एवढं साधं होतं, आणि अडीच वर्षं सगळ्यांनी तिला वेडी ठरवलं होतं.

सोमवारी तिने पत्र सुपरवायझरच्या हातात दिलं. तो मनात वाचू लागला.

"मोठ्याने," टाकी म्हणाली.

चाळीस मशिनी थांबल्या. त्याने वाचलं. आजाराच्या नावापाशी अडखळला, 'रुग्णाचे म्हणणे पूर्णपणे खरे होते' यापाशी घसा साफ केला. मग कागदाची घडी घालून म्हणाला, "ठीक आहे. म्हणजे आता औषध सुरू आहे. आता तुम्हाला बाकीच्यांसारखं बसता येईल."

"बाकीच्यांसारखं?" टाकी लाइनकडे वळली. "माझ्या डोक्यातली एक हाक बंद होती, म्हणून औषध घेते. यांच्या दोन्ही शाबूत आहेत. रक्त दाट झालं की यांचं डोकं ओरडतं पाणी पी, आणि या दाबून टाकतात. कशासाठी? तुमच्या दोन पत्र्यांसाठी. आजी, तुमचा ताप कुठून येतो वाटतं?"

आजीने चष्मा वर केला.

टाकी मशीनवर बसली. अकरापर्यंत साठ कॉलरी झाल्या. एकदाही उठावं लागलं नव्हतं, पोट हलकं होतं, घसा ओला होता. मग ती उठली. टेबलावरून, खिळ्यावरून, दोन्ही बिल्ल्यांवरून नजर फिरवत, हात न लावता, चालत चालत हॉलच्या दुसऱ्या टोकाला संडासात गेली. आत जाऊन तिने नुसते हात धुतले. तिला लागलीच नव्हती.

बाहेर आली तर दाराशी आजी उभी होती. हात रिकामे, बिल्ला नव्हता.

"सर गं बाजूला," आजी म्हणाली. "मला खरंच लागलीय."