फ्लॅट नंबर अकराची सभासद

अंबादास चिल्वेरी चौदा वर्षं सोसायटीचा सचिव होता, आणि त्या चौदा वर्षांत त्याने एका गोष्टीसाठी लोकांना सळो की पळो करून सोडलं होतं. नामनिर्देशनाचा अर्ज. आपल्यामागे फ्लॅट कुणाकडे जावा, ते लिहून द्या. जिन्यात कुणी भेटलं की हा विचारणार, "अर्ज दिला का?" वर जाणारी माणसं त्याला पाहून खाली वळायची. पण त्याने सोडलं नाही. सोळा फ्लॅटांपैकी पंधरांचे अर्ज घेतले, सभेत वाचले, वहीत नोंदवले.

सोळावा फ्लॅट त्याचा स्वतःचा.

मार्च महिन्यात अंबादास दुकानातून सुताचे नमुने घेऊन निघाला, स्कूटर सुरू केली आणि तिच्यावरच कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. महिन्याभराने नव्या सचिवांनी, हिप्परगीअप्पांनी, कपाट उघडलं. अकरा नंबरची फाईल काढली. आत नामनिर्देशनाचा कोरा अर्ज, छिद्रं पाडून नीट लावलेला. एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

जगाला शहाणपण शिकवणारे पुरुष घरी असेच असतात. यात नवल नाही. निस्तरायचं मात्र बायकोला लागतं.

बायको म्हणजे नागमणी. वय सत्तावन्न. माहेर सोलापुरातच, पूर्व भागात, बाप हातमागावर विणकर. नववीनंतर शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. सासरी दोन खोल्यांत नऊ माणसं. अठरा वर्षं ती त्या घरात दिवसा विड्या वळत होती आणि संध्याकाळी शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवत होती. कॉलरींच्या जोरावरच सुवर्णतंतू सोसायटीतला हा फ्लॅट झाला. हप्ते अंबादासच्या पगारातून गेले, घर मात्र तिच्या शिलाईवर चाललं. कागदावर शिलाई कुठे दिसते? कागदावर अंबादास नरसप्पा चिल्वेरी एवढंच होतं.

वेगळं राहायला गेल्याचा राग सासूने, नरसम्माने, वीस वर्षं जपला. सणाला यायची, जेवायची, आणि जाताना म्हणायची, "तिसरा मजला. माणसं राहतात की कबुतरं?"

शेखर, नागमणीचा एकुलता एक, हैदराबादला नोकरीत. तेराव्यानंतर जाताना तो टाईप केलेलं पत्र टेबलावर ठेवून गेला होता. "मम्मी, यावर सही कर आणि अप्पांना दे. आता तुझ्या नावावर, मग माझ्या नावावर, दोनदा कशाला धावपळ? एकदम माझ्याच नावावर करून टाकू. तू तर तिथंच राहणार आहेस की."

मुलगा वाईट नव्हता. तिच्या गोळ्यांची वेळ फोन करून विचारणारा होता. म्हणून तर तिला काही बोलता आलं नाही. तिने सही केली आणि पत्र घेऊन तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत गेली.

हिप्परगीअप्पा निवृत्त तलाठी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींची भांडणं पाहून त्यांचा चेहरा कायमचा संशयी झाला होता. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा वर सरकवला.

"वहिनी, हे वाचलंत का तुम्ही?"

"वाचलंय की ओ."

"मग ऐका. नामनिर्देशन नाही, त्यामुळे वारसांचा मार्ग. बोर्डावर नोटीस लावायची, दोन स्थानिक पेपरांत द्यायची. कुणाचा दावा, हरकत असेल तर महिन्याभरात सांगा म्हणून. आणि ज्याच्या नावावर करायचं, त्याच्या लाभात बाकीच्या वारसांनी हक्कसोडपत्र करून द्यायचं, रजिस्टर केलेलं. तिघं वारस आहात, म्हणजे दोघांनी."

"तिघं कुठं? मी आणि शेखर."

"आणि तुमच्या सासूबाई. मुलगा गेला की आईचाही वाटा असतो. बायको, पोरं, आई, सगळे सारखे."

नागमणी खुर्चीतच बसून राहिली. नरसम्मा! जिने या फ्लॅटला वीस वर्षं कबुतरखाना म्हटलं, तिचा तिसरा हिस्सा त्यात.

"आणि आणखी एक," अप्पा पत्र परत देत म्हणाले, "हे माझं काम नाही, तरी बोलतो. सभासदत्व गेलं की सभेत बसायचा हक्क जातो, मत जातं. फ्लॅट विकायचा ठरला तर सही त्याची. तुम्ही राहणार, हे खरं. पण पोराच्या घरात राहणार. बघा बुवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जुन्या गल्लीत गेली. नरसम्मा ओट्यावर बसली होती, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तिला कुणी विड्या वळायला सांगत नव्हतं, पण हात रिकामे राहिले की तिला भांडण सुचायचं.

"काय गं कबुतरे, वाट चुकलीस?"

"सही पायजे, अत्तम्मा." नागमणीला गोल गोल बोलायची सवय नव्हती. "फ्लॅटमधला तुमचा वाटा सोडायचा आहे."

घरातून धाकट्या सुनेच्या भांड्यांचा आवाज थांबला. नरसम्माने कात्रीने पानाची कड कापली.

"कुणासाठी सोडू?"

"शेखरसाठी."

"मग नाही देत सही. ऊठ."

नागमणीला वाटलंच होतं. ती उठायला लागली. म्हातारीने तिच्या पदराचं टोक धरून खाली बसवलं.

"पूर्ण ऐकून जा, तोंड वाकडं करायच्या आधी. तुझा सासरा गेला, तेव्हा हे घर पोरांच्या नावावर केलं मी. 'अम्मा, तू तर इथंच राहणार आहेस की,' म्हणाले. राहते की! पण देवाचा फोटो लावायला भिंतीत खिळा ठोकायचा, तर सुनेला विचारते." ती मान आतल्या बाजूला वळवून मोठ्याने म्हणाली, "ऐकतेय गं ती, ऐकू दे!" मग आवाज उतरला. "तुझ्या नावावर करणार असशील तर आत्ता रिक्षा बोलाव. मी चप्पल घालते."

"पण शेखर..."

"शेखर काय पळून चाललाय? तुझ्यामागे त्यालाच मिळायचंय ना? मग थांबू दे की. तरुण आहे, पाय दुखत नाहीत."

नागमणी परत येताना बस सोडून चालतच आली. तिला घर हवं होतं. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती स्वतःशीसुद्धा बोलायला तिला तीन महिने आणि एक कजाग सासू लागली.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, शेखरच्या ऑफिसआधी, तिने फोन केला. सांगून टाकलं.

"माझ्यावर विश्वास नाही का, मम्मी?"

"आहे म्हणूनच तुझ्याकडे सही मागते. नसता तर वकिलाकडे गेले असते."

"अज्जीने भरवलं ना हे?"

"तिने बोलून दाखवलं. मनात माझ्याच होतं."

फोन ठेवला गेला. पुढचे आठ दिवस गोळ्यांची वेळ विचारणारा फोन आला नाही. नागमणीने कॉलरी शिवल्या. एक दिवस तर चाळीस कॉलरींना बटणाची काजं उलट्या बाजूला केली आणि सगळी उसवत बसली. पोरगं दुखावलं, हे तिला सोसत नव्हतं. पण माघार घ्यायला तिला आता येत नव्हतं.

तिने शेखरचं पत्र फाडलं नाही. घडी करून ठेवलं, आणि वहीच्या कागदावर स्वतःच्या हाताने दुसरं लिहिलं. तीन कागद वाया गेले. चौथा असा:

"मा. सचिव, सुवर्णतंतू सहकारी गृहनिर्माण संस्था, यांस. विषय: सदनिका क्र. ११ चे भाग व सभासदत्व माझ्या नावे होणेबाबत. माझे पती अंबादास नरसप्पा चिल्वेरी मार्चमध्ये वारले. त्यांनी नामनिर्देशन केलेलं नाही. त्यांचे वारस मी, मुलगा व सासूबाई असे तिघेच आहेत. तरी वरील सदनिका माझ्या नावे करावी ही विनंती. मृत्यूचा दाखला व मूळ शेअर सर्टिफिकेट सोबत आहे. प्रवेश फी भरते. दोघांचं हक्कसोडपत्र झाल्यावर आणून देते, हमीपत्रही देते."

अप्पांनी वाचून पोचपावतीचा शिक्का मारला. "'झाल्यावर'? मुलगा येणार आहे का?"

"येईल की ओ," नागमणी म्हणाली.

नोटीस बोर्डावर लागली. पेपरांत आली. महिन्यात हरकत कुणाची आली नाही. आणि महिना संपायला चार दिवस असताना शेखर दारात उभा राहिला, हातात बॅग, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"रजिस्टर ऑफिसात कधी जायचंय?" एवढंच.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नरसम्मा नवी इरकल नेसून आली. ओळख पटवायला अप्पा आणि शेजारचे पोतूकाका. मजकूर वाचून दाखवला गेला. म्हातारीने तेलुगूत सही केली, एकेक अक्षर ठसठशीत, अर्धा कागद व्यापून. मग यंत्रावर अंगठा ठेवायची पाळी आली. यंत्र काही तो घेईना. कारकुनाने काच पुसली, अंगठा पुसला, पुन्हा ठेवला.

"आज्जी, रेषाच नाहीत की अंगठ्याला."

"सत्तर वर्षं विड्या वळल्यात बाबा. रेषा विड्यांत गेल्या, लोकांनी ओढून टाकल्या."

सगळी कचेरी हसली. शेखर हसला नाही. त्याने आजीचा हात हातात घेतला, तो गुळगुळीत, चकचकीत अंगठा उलटसुलट पाहिला. मग आईच्या हाताकडे नजर गेली. शिवणाच्या सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं. कापडाने आजीची बोटं चोळून गरम करत राहिला, आणि एकेक करून काचेवर ठेवत गेला, तेव्हा कुठे एक उमटलं.

स्वतःची सही त्याने झटक्यात केली. बाहेर आल्यावर म्हणाला, "मम्मी, मी विकायबिकायचं मनात नव्हतं आणलं."

"मला माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस, तेराव्यालाच?"

"तू विचारलंस कुठं? तू पत्र ठेवलंस."

नरसम्मा रिक्षात चढत ओरडली, "मायलेकरांनो, भांडण घरी! इथं ऊन आहे!"

पुढच्या रविवारी कमिटीची सभा झाली. ठराव वाचला गेला, एकमताने मंजूर. अप्पांनी शेअर सर्टिफिकेट उलटं केलं. मागच्या बाजूच्या रकान्यात तारीख, ठराव, आणि नवीन सभासदाचं नाव: श्रीमती नागमणी अंबादास चिल्वेरी. अध्यक्षांनी, अप्पांनी आणि एका सदस्याने सह्या केल्या. शिक्का बसला.

"अभिनंदन, वहिनी. आता तुम्ही सभासद."

नागमणीने नाव दोनदा वाचलं. मग कागद पिशवीत ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"सभासद आहे ना मी? मग बोलते. जिन्याला कठडा दुसऱ्या मजल्यापर्यंतच का ओ? आमची अत्तम्मा येणार आहे राहायला."

अध्यक्षांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी वही उघडली.

"विषय क्रमांक चार," ते लिहू लागले.