वेताळासकट गोठा भाड्यानं

दापोड्यात गोदामाचा गाळा रिकामा पडला, की लोक मालकाला आधी रामराम करायचे थांबतात, मग चहाला विचारायचे थांबतात, आणि शेवटी त्याची मांजरसुद्धा शेजारच्या भरलेल्या गाळ्यात उंदीर धरायला जाते. माझ्या काकाची मांजर गेली होती.

काका म्हणजे माझ्या बापाचा धाकटा भाऊ. भातखाचर बुजवून त्याच्यावर गाळा बांधला, त्यालाही आता वर्षं झाली. जुना भाडेकरू गेल्यापासून तो रोज गेटासमोर, बंद शटरकडे तोंड करून, प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचा, जणू शटर आपणहून उघडेल आणि आतून भाडं घेऊन कोणी बाहेर येईल. मी गाळ्यांची दलाली करतो. नेटवर जाहिराती टाकायचं काम माझंच. माझ्या जाहिरातीत पत्रा कधी गळत नाही आणि हायवे उंबऱ्यालाच लागलेला असतो. काकाच्या गाळ्याला मी लिहिलं होतं, ‘तीन पिढ्यांचा विश्वास, प्रशस्त आवार.’ त्या प्रशस्त आवारात गाडी रिव्हर्स घेताना भल्या भल्या ड्रायव्हरांना कुलदैवत आठवतं, ते सोडलं.

त्या जाहिरातीवर एकाच आठवड्यात दोन मेल आले. पहिला प्लास्टिकच्या बादल्यांच्या एका व्यापाऱ्याचा. ना नमस्कार, ना सही. ‘गाला खाली है क्या? शटर का हाइट? ३२ फुट गाडी अंदर घूमेगी? फायर एनओसी है? कल आता हूँ.’

दुसरा एका परदेशी कंपनीचा. दीड पान इंग्रजी, कुठं खोट नाही, खडा नाही. मी काकाला मराठी करून सांगितलं. ‘आपल्या तीन पिढ्यांच्या विश्वासाच्या वारशानं आम्ही भारावून गेलो. आपलं प्रशस्त आवार आमच्या भविष्याच्या स्वप्नाशी तंतोतंत जुळतं.’ काकाचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांच्या संसारात काकूनं त्याची एवढी स्तुती केली नव्हती.

सकाळी व्यापारी स्कूटरवरून आला. उतरला तो थेट खिशातून टेप काढून शटर मोजायला लागला.

“ए, कोन रं तू?” काका खुर्चीतून ओरडला. “मालक बसलाय तं दिसत न्हाय? ना दुवा ना सलाम!”

“सेठ, गाडी का नाप ले रहा हूँ.”

“नाप तुज्या घरचं घे! माझ्या गाल्याला इंग्लिश कंपनी येतेय. नीघ!”

मी काकाला बाजूला घेतलं. आमच्यात काकाला तूच म्हणतात. “काका, माप घेतो तोच भाडं देतो. त्या इंग्लिशवाल्यानं एक तरी माप विचारलंय का? गाडी केवढी, फरशीवर वजन किती, लाइटीचा लोड किती?”

“त्यांची मानसं मोठी हायत. मापं नोकर विचारतील.”

व्यापारी टेप गुंडाळून गेला. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरची मंडळी फिदीफिदी हसली. त्यांना काय, फुकटचा तमाशा.

मग कंपनीचं दुसरं पत्र आलं, थेट काकाच्या मोबाइलवर. खालच्या लिंकवर आधार, पॅन, कोरा रद्द केलेला चेक चढवा, पडताळणीची फी भरा, ती परत मिळेल. उद्या संध्याकाळपर्यंत, नाहीतर दुसरी जागा बघू. मी तो काकाच्या नाकासमोर धरला. वर नाव कंपनीचं, पण नावावर बोट ठेवलं तर खालचा मेलचा पत्ता निघाला भलताच, कंपनीच्या नावाला शेपूट जोडलेला. लिंकवर बोट दाबून धरलं तर तिसऱ्याच साइटचं नाव. मी काकाच्याच मोबाइलवरून विचारलं, ‘माल उतरवायच्या डॉकची उंची किती हवी?’ मिनिटाच्या आत तीन परिच्छेद आले. ‘अतिशय मार्मिक प्रश्न,’ म्हणे. तीन परिच्छेदांत आकडा एकही नाही.

“पूर्वी असल्या मेलांत भाषेच्या चुका असायच्या, तेव्हा कळायचं,” मी म्हणालो. “आता मशीन लिहितं. भाषा बघू नको, विचारतात काय ते बघ.”

काका थंडपणे म्हणाला, “तुजी दलाली बुडतेय ना, म्हनून पोटात दुखतंय. त्यांनी मना डायरेक लिवलं.”

टपरी पुन्हा हसली, या वेळी माझ्यावर. खोटं कशाला बोलू, लागलं.

वाचवलं अमावस्येनं. अमावस्या उलटेपर्यंत काका कशावर सही करत नाही, पैसे देत नाही, केससुद्धा कापत नाही. त्यानं तसं कळवायला सांगितलं, मी कळवलं. कंपनीचा जबाब, ‘आपल्या परंपरेचा आम्हाला नितांत आदर आहे,’ आणि मुदत लांबवली. उद्या संध्याकाळी जे आभाळ कोसळणार होतं ते रबरासारखं ताणलं गेलं. काका म्हणाला, “बग, संस्कार हायत त्यांना.”

तेव्हा मी माझा म्हशींचा गोठा नेटवर भाड्याला चढवला. इंग्रजीत लिहिलं, ‘ईशान्य कोपऱ्यात अनुभवी वेताळ कायमचा मुक्कामी. अमावस्येला कोंबडा द्यावा लागेल. सहा म्हशी जागेसोबत.’

अमावस्या सरली आणि मेल आला. तीच कंपनी, तीच सही, शब्दांचा सांगाडा तोच, मधलं मांस तेवढं बदललेलं. मी काकाला टपरीवर बोलावलं आणि चढत्या आवाजात मराठी करून वाचला. “‘आपल्या ईशान्य कोपऱ्यातील अनुभवी वेताळाच्या प्रदीर्घ सेवेनं आम्ही भारावून गेलो. सहा म्हशींचं आपलं कुशल मनुष्यबळ आमच्या भविष्याच्या स्वप्नाशी तंतोतंत जुळतं...’”

टपरीवाल्याच्या हातातली किटली चुलीवर कलंडली. एक जण हसता हसता बाकावरून पडला, पडल्या पडल्या हसत राहिला. कशेळीच्या पुलावर अडकलेल्या गाड्यांपर्यंत ते हसू गेलं असेल. “काका, वेतालाचं आधार कार्ड काडलं का रं?” “म्हशींचं पॅन लागंल!” “भारावले ना ते? म्हशीपन भारावल्या!”

काका हसला नाही. त्यानं माझ्या हातातून मोबाइल घेतला. आपला मेल आणि गोठ्याचा मेल, एकाखाली एक, ओठ हलवत वाचले. इंग्रजी येत नसलं तरी सारख्याला सारखं दिसतं. मग तो म्हणाला, “त्या बादलीवाल्याला लाव.”

“काका, इथं नको. घरी जाऊन लावू.”

“लाव म्हनतो ना! स्पीकरवर.” त्याला वाटलं असेल, हसणाऱ्यांसमोरच गाळा भरून दाखवावा.

मी लावला. काकानं उभ्या जन्मात वापरला नव्हता असा मऊ आवाज काढला. “सेठ, नमस्ते. वो गाला... आप का नाप लेना बाकी रह गया.”

पलीकडून हमालांची आरडाओरड, काहीतरी सरकवल्याचा आवाज. आणि गंमत म्हणजे तोच आवाज आम्हाला समोरून, काकाच्या शेजारच्या भिंतीआडूनही येत होता, फोनच्या जरा आधी. भिंतीआडचा तो गाळा काकाच्या चुलतभावाचा. वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद.

“नाप हो गया सेठ,” व्यापारी म्हणाला. रागानं नाही, घाईत. “आप के बाजू में ही ले लिया. पाँच साल का एग्रीमेंट. अभी माल उतर रहा है. आप की गेट के सामने वो जो कुर्सी है ना, जरा हटा लो. गाडी घूम नहीं रही.”

टपरीवर कोणी हसलं नाही. खरं हसण्यासारखं तर हेच होतं, तरी नाही.

काकानं मोबाइल माझ्या हातात दिला, रस्ता ओलांडला, खुर्ची उचलली आणि भिंतीला लावून ठेवली. मग ३२ फुटी गाडीच्या मागं उभं राहून, हात हलवत, “आने दो, आने दो,” करत त्यानं ती चुलतभावाच्या गेटात घालून दिली.