मिठागराचे नियम, एका पानात

श्री. काळुराम नाथा म्हात्रे, वय वर्षे एकोणसाठ, राहणार रामवाडी, पेण. सेवानिवृत्त अव्वल कारकून. चष्मा जाड, वर्तणूक चांगली. ओळखीची खूण : खिशाला दोन पेने, एक लिहिण्यासाठी, दुसरे पहिले बंद पडल्यास. सदर इसम 'मिठागर' या पटावरील खेळाचे जनक, नियमकर्ते व नियमांचा अर्थ लावण्याच्या कामी एकमेव सक्षम प्राधिकारी आहेत.

खेळ वाईट नव्हता. वडील मिठागरात राबले, काळुरामांचं बालपण बांधावर गेलं, ते सगळं त्यांनी एका पुठ्ठ्यावर उतरवलं होतं. मधोमध खाडी, चार कोपऱ्यांत चार मिठागरं. फासा टाकायचा, खाडीतून होडी पुढे न्यायची, मग एका वाफ्यात पाणी घ्यायचं, आधी भरलेल्या वाफ्यातलं मीठ ओढून त्याची गोण करायची किंवा फुटलेला बांध दुरुस्त करायचा. सगळ्यांची एकेक पाळी झाली की उधाणाची सोंगटी एक घर पुढे सरकते. ती लाल घरात पोचली की ज्याचा बांध फुटलेला त्याचे भरलेले वाफे गेले. दहा गोणी ज्याच्या आधी होतील तो जिंकला.

एवढ्यासाठी नियमपुस्तक चव्वेचाळीस पानांचं होतं. त्यात व्याख्या होत्या, अपवाद होते आणि अपवादांचे अपवाद होते. फासा खाटेखाली गेल्यास काय, यावर एक नियम आणि तीन पोटनियम होते. रचनाकाराने स्वतः खेळू नये, निःपक्षपातीपणास बाधा येते, असाही एक होता. एका दिवाळीत घरच्यांना बसवून त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. व्याख्या संपेपर्यंत फराळ संपला आणि माणसंही. फासा डबीतच राहिला. तेव्हापासून मिठागर कुणी खेळलेलं नव्हतं.

म्हणून रोह्याहून जुन्या ओळखीच्या हैबतरावांचा निरोप आला तेव्हा काळुराम दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत होते. हैबतराव एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे आणि कंपनीच्या वसाहतीतल्या रंजन मंडळाचे चिटणीस होते. मंडळाचं स्नेहसंमेलन होतं, चहा आणि जेवणाच्या मध्ये वेळ मोकळा होता, कॅरम खेळून लोक कंटाळले होते. खेळ घेऊन या, म्हणाले. मात्र नियम एका कागदावर, एकाच बाजूला. "आणि म्हात्रे, ते पुस्तक आणू नका. मागच्या वेळी तुम्ही नुसतं दाखवलंत तरी दोन जण शिफ्ट आहे सांगून गेले."

काळुरामांनी आयुष्यभर कागद वाढवले होते. कमी करायची ही पहिलीच वेळ. त्यांनी ते काम सरकारी रीतीने केलं, म्हणजे मजकूर तोच ठेवून अक्षर बारीक केलं. बाजारातल्या छपाईवाल्या नितेशने ते संगणकावर बसवून पाहिलं आणि हा कागद भिंगासकट विकणार का, असं आदराने विचारलं.

मग त्यांनी खरोखर काटछाट केली. सगळ्यांना ठाऊक असतं ते काढलं, भांडणाची जागा तेवढी ठेवली. सून समीक्षाने तो कागद दोनदा वाचला. त्यात होड्या एकाच घरात आल्यास काय ते होतं, बांध अर्धवट दुरुस्त असल्यास काय ते होतं, खेळाडू जेवायला उठल्यास काय तेही होतं.

"बाबा, पण फासा कधी टाकायचा?"

"ते काय लिहायचं? ते माहीतच असतं."

"कुणाला?"

काळुरामांनी कागदाची मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

समीक्षा शिवणाचे वर्ग घ्यायची. नव्या मुलीला मशीनची माहितीपुस्तिका दिली तर ती कधीच टाका घालत नाही, असा तिचा अनुभव होता; दोरा ओवायला लावायचं, ती अडेल तिथे सांगायचं. तिने पुस्तक कपाटात टाकलं, किल्ली कमरेला खोचली आणि शेजारच्या जनीला बोलावून पटासमोर बसवलं. सासऱ्यांना बजावलं की जनी विचारेल तेवढंच उत्तर द्यायचं आणि तेवढंच लिहायचं.

जनीचं माहेर खाडीकाठचं. तिने पट पाहिला नि म्हणाली, "बांध हाय, वाफा हाय. पयलं काय करू?" काळुरामांनी लिहिलं : आधी फासा टाका. "होडी कंच्या अंगाला न्यू?" त्यांनी लिहिलं : बाणाच्या दिशेने, पडेल तेवढी घरं. व्याख्या सांगायला त्यांनी तोंड उघडलं की समीक्षा खाकरायची. जनीने दोन वाफे भरले, उधाणात एक घालवला, बांध आधी का नाय सांगितला म्हणून काकांना सुनावलं, तोही नियम कागदावर आला. तिची तिसरी गोण झाली आणि बाहेर नळाला पाणी आलं. जनी हंडा उचलून गेली ती परत आली नाही.

कागद मात्र झाला होता. मोठ्या अक्षरात, एका बाजूला, लहान पोराला कळेल असा. काळुरामांनी तळाशी 'संदिग्धता आढळल्यास मूळ पुस्तक अंतिम' एवढं हळूच वाढवलं. समीक्षाने नितेशकडे जाऊन ते हळूच काढायला लावलं.

रोह्याच्या गाडीत ते पिशवी मांडीवर घेऊन बसले. पिशवीत पट होता, कागद होते आणि पंचाखाली, समीक्षाची किल्ली हाती लागताच कपाटातून काढलेलं पुस्तक होतं. निडी स्टेशनला त्यांनी ते चाचपून पाहिलं.

मंडळाच्या हॉलमध्ये तीन बायका पटाभोवती बसल्या. हैबतरावांची बायको शांती त्यांची पुढारी. तिने कागद मोठ्याने वाचला आणि चहा निवायच्या आत फासा पडला. चौथी हळदीकुंकवाच्या तयारीला गुंतली होती, तेव्हा शांती म्हणाली, "भावोजी, तुम्हीच बसा." काळुरामांनी रचनाकाराबाबतचा नियम सांगायला सुरुवात केली. तो कागदावर नाय, असं तिने दाखवून दिलं. ते बसले.

थोड्या वेळाने फासा खुर्चीखाली गेला. काळुराम तिन्ही पोटनियम आठवू लागले. एवढ्या वर्षांनी तो प्रसंग आला होता. शांतीने वाकून फासा उचलला, पुन्हा टाकला आणि विषय संपला.

बाकी खेळ उत्तम चालला. बायका उधाणाला शिव्या देत होत्या, एकमेकींच्या बांधांवर टोमणे मारत होत्या. गोणी संपल्या तेव्हा चिंचोके आणले. जेवणाची पानं मांडली, तरी कुणी उठेना. मग शांतीने कागद उलटसुलट केला.

"भावोजी, ह्यो संपतो कधी?"

काळुरामांनी कागद घेतला. सगळं होतं त्यावर, एवढंच नव्हतं. जनीने ते विचारलंच नव्हतं. उत्तर नियम एकाहत्तरमध्ये, पाच पोटनियमांसह, पंचाखाली होतं. त्यांचा हात पिशवीत गेला. हैबतरावांनी तो पाहिला, आणि पलीकडच्या दोघी पदर सावरून उठायच्या बेतात आल्या.

काळुरामांनी हात रिकामाच बाहेर काढला.

"दहा गोणी झाल्या की."

"मग आम्ही तिघी मघाशीच जिंकलो की ओ."

"व्हय," काळुराम म्हणाले.

"असू दे. उधाण येऊन जाऊ दे, मग उठू." आणि तिने फासा टाकला.

उधाण आलं. काळुरामांचा बांध फुटलेला होता. वर्षानुवर्षं नियम लिहिताना तो दुरुस्त करायचा असतो हे त्यांना ठाऊक होतं. खेळताना सुचलं नाही. जेवताना हैबतरावांनी कागदाच्या तळाशी 'दहा गोणी झाल्या की संपला' असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि तो कॅरमच्या कपाटावर चिकटवला.

निकाल नोंदवायचा तर, काळुराम चौथे आले. खेळाडू चारच होते.