सोळा आणि आठ यांची सरासरी

पालघरच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होतो, तिथे आमच्या विभागाचा नियम होता: अंतर्गत चाचणी वीस गुणांची, ज्याला हवी त्याने पुन्हा द्यावी, दोन्हींपैकी जास्त गुण धरू. विभागप्रमुखांनीच तो जूनमध्ये भर वर्गात सांगितला होता.

सातपाटीच्या एका मुलीला पहिल्या चाचणीत सोळा पडले. तरी ती फेरचाचणीला आली. आदल्या दिवशी नारळी पौर्णिमा, गावात नाच झालेला. डोळे मिटत होते, पण स्वारी खुशीत, कारण जाणार काहीच नव्हतं. आठ पडले.

प्रमुखांचा पारा चढला. सवलतीची जत्रा केली म्हणाले. वर्षअखेरीस निकाल लावताना त्यांनी जाहीर केलं, आता सरासरी. क्लार्कने तर नवीन गुण आले की जुने रद्द, असंच धरलेलं. लेखी परीक्षेत तिला ऐंशीपैकी शेहेचाळीस होते. माझ्या हिशेबाने बासष्ट, प्रमुखांच्या अठ्ठावन्न, क्लार्कच्या चोपन्न. एकाच पोरीच्या तीन श्रेणी. आणि तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून जायला तिला साठ हवे होते. मी भांडलो. चाचणी झाल्यावर नियम बदलायचा म्हणजे शुद्ध अन्याय, आणि अन्याय दिसला की माझा आवाज चढतो. प्रमुख मात्र ढिम्म. शेवटी त्यांनी आम्हा सगळ्या शिक्षकांसमोर तिलाच केबिनमध्ये बोलावलं.

"प्रयोगशाळेत टायट्रेशनची दोन वाचनं आली की आपण काय करतो? सरासरीच ना?" ते म्हणाले.

"हो सर. पण वाचनं जुळली तर," ती म्हणाली. "सोळा आणि आठ एवढा फरक आला, तर सरासरी काढायची नाय, परत करायचं, असं तुमीच शिकवलंत. घ्या तिसरी. मी तयार हाय."

मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं. तिसरी चाचणी एकटीची घेता येणार नव्हती, सगळ्या वर्गाची घ्यावी लागली असती. पेपर काढा, गठ्ठे तपासा, तेही मे महिन्यात. इतका वेळ प्रमुखांची री ओढणारे दोन सहकारी अचानक म्हणू लागले की जूनमध्ये सांगितलेलाच नियम बरा. प्रमुखांनी चष्मा पुसला आणि क्लार्कला हाक मारून सोळा लिहायला सांगितले. मला इतका आनंद झाला की मीच सगळ्यांना चहा पाजला.

जिन्यात तिला गाठून विचारलं, "खरंच तिसरी घेतली असती तर?"

"मेलेच असते सर. पुस्तकं कवाच शेजारणीला देऊन टाकली." ती दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "पण मे महिन्यात तुमच्यातला कोन पेपर तपासनार नाय, ते ठाव होतं."