श्यामरावांचं भंगार आणि रत्नमालाबाईंचे सहा टक्के

रत्नमाला भुरे हे नाव काढलं की मला आजही हसू फुटतं. बाई भंडाऱ्याकडची. भिलाईतल्या आमच्या खासगी कारखान्यात हिशेब अधिकारी. तिला मैत्रीण नव्हती आणि नको होती. एकदा तिनं जनरल मॅनेजरचं प्रवासाचं बिल परत पाठवलं, वर शेरा मारला, 'रायपूरला जाताना नागपूर लागत नाही.' असली बाई.

आमचा एक कल्याण निधी होता. कामावर असताना माणूस दगावला की त्याच्या घरी दरमहा पैसे जायचे. खुर्सीपार वस्तीतल्या विधवा सिंधुताईचं घर त्यावरच चालायचं. या निधीच्या समितीत अध्यक्ष श्यामराव, हिशेबाला रत्नमालाबाई, आणि कामगारांकडून मी. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसा हलत नसे.

श्यामराव फाउंड्रीचे जुने फोरमन. लोखंडाचा ढीग नुसता बघून वजन सांगायचे. काट्यावर चढवला की फरक निघाला तर किलो-दोन किलोचा. एकदा तर लग्नात नवरीच्या बापाला, त्यानं दिलेली आलमारी किती हलकी आहे ते वजनासकट सांगून आले; बरोबर निघालं म्हणून तो माणूस अजून बोलत नाही त्यांच्याशी.

शहाण्णव साल असेल. एका पोलाद कंपनीचे कर्जरोखे बाजारात आले होते. तीन वर्षं मुदत उरलेली, छापील व्याज पंधरा टक्के. पण शंभराचा रोखा एक्क्याण्णवला मिळत होता, म्हणून शेवटपर्यंत धरला तर वर्षाला एकोणीस पडत होते. आमचा निधी होता त्या सरकारी रोख्यांच्या कागदावर तेवढ्याच मुदतीला तेरा. श्यामराव हरखले. निम्मा निधी तिकडे टाकायचा ठराव घेऊनच बैठकीला आले.

बाई म्हणाली, "वरचे सहा टक्के कावून देऊन राहिले ते, विचारलं का?"

"तुमाले विचारायची सवय आहे, मले कमवायची."

"बुडायच्या भीतीचा भाव आहे तो. कंपनी बुडली तर शंभरातले चाळीस हाती येतील असं धरा. म्हणजे साठ गेले. सहाले साठानं भागा. वर्षाला शंभरात दहा वेळा बुडेल, असं बाजार सांगून राहिला. तीन वर्षांत चारातून एकदा."

"सगळे सहा भीतीचेच?" मी मध्येच विचारलं.

"नाही. असा कागद लवकर विकल्या जात नाही, त्याचाही थोडा वाटा असतो. तो काढला तर दहाचे आठ होतील. पण शून्य होत नाहीत."

श्यामरावांनी कप आपटला. "चाळीस कुठून आणले तुमी? मी तो कारखाना पाहून आलो. भट्ट्या, क्रेना, शेड, नुसतं भंगारात विकलं तरी ऐंशी येतात. माह्या डोळ्याले वजन कळते, बाई. तुमाले रद्दीचंही कळत नाही."

आता भांडण रंगणार म्हणून मी खुर्ची पुढे ओढली. बाईचा आवाज मात्र खाली आला. तो चढण्यापेक्षा वाईट.

"बरं. ऐंशीच धरू. म्हणजे बुडाली तर फक्त वीस जातील. हे विकणाऱ्यालेही माहीत असेल ना? मग वीसच जाणार असताना तो सहा जास्त कावून देते? सहाले विसानं भागा, श्यामरावजी. वर्षाला शंभरात तीस. तीन वर्षांत तिनातून दोनदा बुडते. तुमी भंगार जितकं महाग सांगाल, तितका हा भाव कंपनीले जास्त मरणाच्या दारात नेऊन ठेवते."

श्यामरावांनी बोटांवर भागाकार करून पाहिला. त्यांना वाटलं होतं, भंगार चांगलं म्हणजे कागद चांगला. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

"सही करता का नाही?" श्यामरावांनी ठराव बाईपुढे सरकवला.

"नाही."

मीही पेन खिशातच ठेवला. निधी सरकारी कागदातच राहिला. त्या दिवसापासून श्यामरावांनी समितीच्या चहातून बाईचा कप बंद केला. बाई घरून थर्मास आणू लागली आणि तो मुद्दाम त्यांच्यासमोर उघडायची. इतका सुवास यायचा की काय सांगू.

गंमत पुढंच आहे. तीन वर्षं झाली. कंपनी बुडाली नाही. पैन् पै चुकती केली. श्यामराव सिविक सेंटरच्या बाजारातून पेढ्यांचा डबा घेऊन थेट बाईच्या टेबलावर. सगळं ऑफिस बघत होतं.

"खा. तुमच्या दहा टक्क्याचे पेढे."

बाईनं एक पेढा खाल्ला, बोटं पुसली. "माह्या हिशेबानं चारातून तीनदा वाचणारच होती. तिनातून दोनदा बुडते, ते तुमच्या भंगाराचं होतं."

"पण बुडाली का?"

"नाही. चौथी वेळ आली असती तर खुर्सीपारले सिंधुताईच्या दारात पैसे बुडाले म्हणून सांगाले कोण जाणार होतं? तुमी का मी?"

श्यामरावांनी डब्याचं झाकण लावलं आणि उरलेले पेढे परत घेऊन गेले. मला एकही मिळाला नाही.