थेंब तोंडात घेणार नाही

आमच्या रावजीच्या खांद्याला दोन खुणा होत्या. एक चिऱ्याच्या खाणीतली आणि दुसरी पालखीच्या दांड्याची. पहिली रोजची, दुसरी शिमग्याची. पहिल्या खांद्याचा मान त्याच्या घराण्याचा. पण दारूच्या पायी रावजी एका शिमग्याला पालखीसकट घसरला, आणि मान काढून चुलत्याच्या घराला दिला गेला.

त्यानंतर तो सुधारला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्यावर दारू पोटात गेली तर जीव घाबराघुबरा होतो. रोज सकाळी सगुणा, त्याची बायको, गोळी हातावर ठेवी आणि गिळेपर्यंत समोर उभी राही. दोन वर्षांनी त्याने देवीपुढे उभं राहून शब्द दिला, "दारूचा थेंब तोंडात घेणार नाही." देवळाचे मान ठरवणारे गावकर धोंडूतात्या गळ्यात माळ घातलेले, जन्मात दारू न शिवलेले. ते म्हणाले, "शिमग्यापर्यंत पाळलास तर पहिला खांदा तुझा."

शिमगा आला. पालखी उठायला दोनच दिवस राहिले. सगुणाचा भाऊ बाबू कुवेतहून सुट्टीवर आला होता. आठ दिवसांपूर्वी, आल्या दिवशीच त्याने गावकरांना एक हिरवी बाटली भेट दिली होती, चूळ भरायच्या औषधाची. आज तशीच दुसरी रावजीला दिली, दुखऱ्या दाढेसाठी. शिवाय एक डबा.

"भावजी, बिनदारूची बिअर! तिथे दारू बंद, तरी हे उघड मिळतं. घ्या बिनधास्त."

रावजीने डबा हातात घेतला, फिरवला, आणि फळीवर ठेवला. "नंतर बघू," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेतल्यावर दाढ ठणकायला लागली. त्याने हिरव्या औषधाची चूळ भरली, बराच वेळ तोंडात धरली. कळ थांबेना, म्हणून पुन्हा, आणि पुन्हा. थोडी घशाखालीही गेली. घडीभरात त्याचं तोंड लाल झालं, छाती धडधडू लागली, डोकं फुटायला आलं. सगुणा जवळ आली आणि थबकली. त्याच्या तोंडाला पुदिन्याआडून दारूसारखा वास होता.

"पालखीच्या आदल्या दिवशी!" ती ओरडली. "तो डबा फोडलात ना?"

"डबा बघ. फोडलाय का?"

डबा तसाच होता. ती आणखीच घाबरली. मग ही दारू आली कुठून?

बाबूने रिक्षा आणली. मंडणगडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी रावजीला आडवं केलं, नाडी धरली, रक्तदाब घेतला. सगुणाने पदराआडून डबा आणि हिरवी बाटली काढून टेबलावर ठेवली, रोजच्या गोळीचंही सांगितलं. डॉक्टरांनी बारीक अक्षरं वाचली आणि हिरव्या बाटलीवर बोट ठेवलं.

"हिच्यात शंभर भागांत पंचवीसच्या वर अल्कोहोल आहे. नेहमीची बिअर पाचाच्या आसपास असते."

"औषध आहे ना हे?" बाबू म्हणाला.

"चूळ भरून थुंकायचं औषध. नुसती चूळ भरून माणसाला नशा चढत नाही. पण ह्यांच्या गोळीला एवढंही पुरतं. दाढेसाठी मिठाच्या पाण्याची चूळ भरा, आणि दाढ दाखवा."

"आणि डबा?" रावजीने पडल्या पडल्या विचारलं.

"अर्ध्या टक्क्यापर्यंत. त्याने नशा येत नाही. पण चव आणि वास बिअरचाच. तुम्हाला काय वाटतं?"

रावजीने डब्याकडे पाहिलं. "काल हातात घेतला तेव्हा तोंडाला पाणी सुटलं, डॉक्टर. बाबू, परत ने तो."

दुपारनंतर चेहऱ्याची लाली उतरली. रात्रभर सगुणाने एकच विनवणी केली, "कुणाला सांगू नका. तुम्ही प्यायलात थोडेच!"

"शब्द पिण्याचा नव्हता," रावजी म्हणाला. "तोंडात घेण्याचा होता."

सकाळी देवळापुढे ढोल सज्ज झाले. गावकर नारळ घेऊन उभे होते. रावजी पुढे झाला आणि सगळ्यांदेखत बोलला, "तात्या, शब्द मोडला. तोंडात घेतली. माहीत नव्हतं, पण घेतली." त्याने हिरवी बाटली पायरीवर ठेवली. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं.

मागून चुलता हसला. "मानकरी म्हणे!"

धोंडूतात्यांनी बाटलीकडे पाहिलं. आठ दिवस त्यांच्या तोंडाला पुदिन्याचा वास येत होता. सगळ्या गावाला तो आवडलाही होता. त्यांचा हात माळेकडे गेला आणि तिथेच थांबला.

"रोज दोनदा," ते हळू म्हणाले. "ह्याच बाटलीतलं. मी रोज दोनदा चूळ भरतो रे."

चुलत्याचं हसू जागच्या जागी थिजलं.

"ह्याचा मान काढायचा, तर आधी माझा काढा," तात्या म्हणाले. मग देवीकडे वळून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "आई, नकळत तोंडाला लागलं त्याची माफी असू दे. कळून कोणी घेतली, तर तू बघ."

नारळ फुटला. तात्या बाजूला सरकले.

रावजीने दांड्याखाली पहिला खांदा दिला. दाढ अजून ठणकत होती.